खरे गुण भरण्याआधी खोटे गुण भरा: सातवीच्या निकालपत्रकाची सूत्रं कशी तपासायची

"सर, हाऊ पोऱ्या ते उनाच नही परीक्षाले!"

आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्याने निकालपत्रकावर बोट ठेवून हे म्हटलं, तेव्हा एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. पत्रक छापून झालं होतं आणि सह्या सुरू होत्या. त्या मुलाचे आईवडील ऊसतोडीला गेलेले होते, पोरगाही त्यांच्याबरोबरच होता. संकलितच्या रकान्यात आम्ही नीट "गै" लिहिलं होतं. तरीही विषयाच्या श्रेणीत शीटने त्याला अ-१ देऊन टाकली होती. त्याच पत्रकात साडेनव्वद टक्के मिळालेल्या एका मुलीसमोर इ-२ छापलं होतं. पेपर तिने उत्तम लिहिले होते आणि आम्ही गुणही बरोबर भरले होते. चूक फक्त सूत्रात होती, आणि ते सूत्र मीच लिहिलं होतं.

त्या वर्षापासून खरे गुण भरण्याआधी मी शीटला खोटे गुण घालून बघतो. जळगाव-धुळ्याकडे त्या दिवसांत दुपारी पारा बेचाळीसच्या वर असतो आणि लाइट कधी जाईल याचा भरवसा नसतो. म्हणून हे काम मार्चमध्येच, सकाळच्या दोन तासांत उरकून टाकतो. एक्सेल आणि गूगल शीट, दोन्हींत ही पद्धत चालते.

आधी शीटची मांडणी

उदाहरण सातवीचं घेऊ. सातवीला प्रत्येक विषयात आकारिक ४० आणि संकलित ६० गुण असतात. लेख आटोपशीर राहावा म्हणून सहाच विषय धरतो: मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे. वर्गात मुलं साठ.

"गुण" नावाच्या पानावर पहिल्या ओळीत शीर्षकं आहेत आणि दुसऱ्या ओळीत "पैकी" गुण, म्हणजे ४०, ६०, ४०, ६० असे. मुलांच्या ओळी ३ ते ६२. C ते N या बारा रकान्यांत गुण भरायचे. O ते T मध्ये सहा विषयांच्या बेरजा, U मध्ये शेकडा गुण, V मध्ये एकूण श्रेणी आणि त्यापुढे विषयवार श्रेणी. तुमची मांडणी वेगळी असेल तर रकान्यांची अक्षरं तेवढी बदलून घ्या.

पहिलं काम म्हणजे या फाइलची प्रत काढून तिच्या नावातच "चाचणी खोटे गुण" असं लिहिणं. मूळ फाइलमध्ये हे प्रयोग करू नका. नावांच्या रकान्यातही खऱ्या मुलांची नावं ठेवू नका, "चाचणी १", "चाचणी २" अशी घाला. खऱ्या नावासमोर खोटे गुण असलेला कागद चुकून प्रिंटरमधून बाहेर पडला, तर पालकांना समजावता समजावता दिवस जातो.

नुसते यादृच्छिक गुण का पुरत नाहीत

बहुतेक जण आकारिकच्या रकान्यात `=RANDBETWEEN(0,40)` आणि संकलितच्या रकान्यात `=RANDBETWEEN(0,60)` लिहितात, खाली-आडवं ओढतात आणि सगळं ठीक दिसलं की शीट तपासली असं समजतात. मीही पहिल्या वर्षी असंच केलं होतं. पण V रकाना नीट वाचा. क-१, क-२, ड, ब-२ हेच फिरून फिरून येतं. अ-१ एकदाही येत नाही, इ-२ बरोबर छापतंय की नाही तेही कळत नाही.

कारण सरळ आहे. प्रत्येक विषयाचे गुण स्वतंत्रपणे पडतात. एका विषयात ९२ पडले तर दुसऱ्यात २० पडतात आणि सहा विषयांची सरासरी काढली की सगळं पन्नासच्या आसपास येऊन बसतं. साठ मुलांचे शेकडा गुण साधारण ३० ते ७० च्या मध्येच राहतात. शेकडा ९१ यायला एकाच मुलाला सहाही विषयांत भरघोस गुण पडावे लागतील. हजार वेळा गुण पाडले तरी ते घडण्याची आशा धरू नये. थोडक्यात, श्रेणीच्या सूत्राचा वरचा आणि खालचा भाग तपासलाच जात नाही.

खऱ्या वर्गात असं नसतं. हुशार मूल बहुतेक विषयांत पुढे असतं आणि मागे पडलेलं मूल बहुतेक विषयांत मागे असतं. म्हणून आधी प्रत्येक काल्पनिक मुलाची एक पातळी ठरवायची आणि त्या पातळीच्या आसपास त्याचे गुण पाडायचे.

त्यासाठी "चाचणी" नावाचं नवं पान घ्या. मांडणी "गुण" पानासारखीच ठेवा, दुसऱ्या ओळीत "पैकी" गुणही लिहा. फक्त B रकान्यात नावाऐवजी पातळी येईल. B3 मध्ये:

```
=RANDBETWEEN(5,98)
```

आणि C3 मध्ये:

```
=MAX(0,MIN(C$2,ROUND(C$2*($B3+RANDBETWEEN(-12,12))/100,0)))
```

हे सूत्र आतून बाहेर वाचायचं. मुलाच्या पातळीत बारापर्यंत कमी-जास्त केलं, आलेला शेकडा त्या रकान्याच्या "पैकी" गुणांत बदलला आणि पूर्णांक केला. MIN मुळे गुण चाळीस किंवा साठच्या वर जात नाहीत, MAX मुळे शून्याच्या खाली उतरत नाहीत. C$2 मधलं डॉलरचं चिन्ह ओळीला खिळवतं आणि $B3 मधलं रकान्याला. त्यामुळे हे एकच सूत्र N62 पर्यंत ओढता येतं. समजा पातळी ७० आहे आणि चढउतार ‑५ पडला, तर संकलितला ६० चे ६५ टक्के, म्हणजे ३९ गुण.

आता शेकडा गुण साधारण सहापासून शहाण्णवपर्यंत पसरतात आणि साठ मुलांत नऊच्या नऊ श्रेण्या बहुधा दिसतात. एखादी नाही दिसली तर F9 दाबून पुन्हा पाडा. गूगल शीटमध्ये एखाद्या रिकाम्या घरात काहीतरी लिहिलं की गुण पुन्हा पडतात.

गुण गोठवून मगच तपासा

RANDBETWEEN शीटमध्ये कुठेही काही बदललं की नवा आकडा देतं. "गुण" पान "चाचणी" पानाला सूत्राने जोडलंत, तर चूक सापडल्यावर ती दुरुस्त करायला बोट टेकवताच गुण बदलतात आणि ती चूकच डोळ्यांसमोरून नाहीशी होते. म्हणून "चाचणी" पानावरची C3 ते N62 निवडून कॉपी करा आणि "गुण" पानावर C3 ला फक्त आकडे चिकटवा. एक्सेलमध्ये त्यासाठी Paste Special मधलं Values आहे, गूगल शीटमध्ये Ctrl+Shift+V. आता हे गुण हलणार नाहीत.

पहिली नजर: उतरता क्रम

प्रतीतल्या ३ ते ६२ या ओळी U रकान्यानुसार उतरत्या क्रमाने लावा आणि V रकाना वरून खाली वाचत जा. आधी अ-१, मग अ-२, मग ब-१, अशी शिडी उतरत गेली पाहिजे. मधेच एखादी पायरी उडाली किंवा उलटी लागली तर सूत्र चुकलं आहे.

माझं जुनं सूत्र असं होतं, त्याची फक्त सुरुवात देतो:

```
=IF(AND(U3>=91,U3<=100),"अ-१",
 IF(AND(U3>=81,U3<=90),"अ-२", ... "इ-२"))
```

श्रेणीचा तक्ता कागदावर जसा आहे तसाच मी उतरवला होता: ९१ ते १०० अ-१, ८१ ते ९० अ-२, ७१ ते ८० ब-१, ६१ ते ७० ब-२, ५१ ते ६० क-१, ४१ ते ५० क-२, ३३ ते ४० ड, २१ ते ३२ इ-१ आणि २० व त्याखाली इ-२. एका विषयाचे गुण पूर्णांकात असतात, तिथे हा तक्ता बरोबर चालतो. पण सहा विषयांचे ५४३ गुण झाले की शेकडा ९०.५ येतो. तो ९१ पेक्षा कमी आणि ९० पेक्षा जास्त. कुठल्याच कप्प्यात न बसता तो गळत गळत शेवटच्या "नाहीतर" पर्यंत पोचतो, आणि तिथे मी इ-२ लिहून ठेवलं होतं. त्या मुलीचं नेमकं हेच झालं.

अशा फटी आठ आहेत. वरच्या पद्धतीने पाडलेल्या साठ मुलांत सरासरी चार मुलं तरी एखाद्या फटीत पडतात. म्हणजे उतरता क्रम लावला की शिडीच्या मधे कुठेतरी इ-२ बहुधा डोळ्यांत खुपतंच. हेच सूत्र IFS ने लिहिलं असेल तर तिथे #N/A दिसेल. ते परवडलं, कारण निदान नजरेत तरी भरतं.

दुरुस्तीआधी एक गोष्ट मुख्याध्यापकांशी बोलून ठरवून घ्या: ९०.५ चे ९१ धरायचे की नाही? धरले तर अ-१, नाही धरले तर अ-२. हा निर्णय माणसांचा आहे आणि तो निकालाच्या आदल्या रात्री घेऊ नये. आम्ही जवळच्या पूर्णांकात धरतो. "श्रेणी" नावाच्या पानावर A2 पासून खाली फक्त खालच्या मर्यादा चढत्या क्रमाने लिहा: 0, 21, 33, 41, 51, 61, 71, 81, 91. शेजारी B मध्ये इ-२ पासून अ-१ पर्यंत श्रेण्या. मग V3 मध्ये:

```
=IF(ISNUMBER(U3),VLOOKUP(ROUND(U3,0),'श्रेणी'!$A$2:$B$10,2,TRUE),"तपासा")
```

इथे वरची मर्यादाच नाही, त्यामुळे फट राहायला जागा नाही. तक्ता मात्र चढत्या क्रमातच हवा, नाहीतर VLOOKUP भलतीच श्रेणी देतं. पूर्णांकात धरायचं नसेल तर ROUND काढून नुसतं U3 ठेवा. विषयवार श्रेण्यांनाही हेच सूत्र, फक्त U3 च्या जागी त्या विषयाची बेरीज.

"गै" ला अ-१ कशी मिळाली

शीटमध्ये तुलना करताना अक्षरं नेहमी आकड्यापेक्षा मोठी धरली जातात. `="गै">=91` असं एखाद्या घरात लिहून बघा, उत्तर TRUE येईल. विषयाच्या बेरजेत "गै" आलं आणि श्रेणीचं सूत्र `IF(O3>=91,"अ-१",...` असं असलं, की गैरहजर मुलाला सर्वांत वरची श्रेणी मिळते. वरच्या सूत्रातलं ISNUMBER त्यासाठीच आहे.

दुसरा घोळ शेकडा गुणांत होतो आणि तो दिसतही नाही. U मध्ये `=AVERAGE(O3:T3)` असेल, तर AVERAGE अक्षरं सोडून देतं. पाच विषयांत प्रत्येकी ६० आणि सहाव्यात गैरहजर असं मूल घ्या. AVERAGE सांगेल ६०, कारण त्याने पाचानेच भागलं. सहाने भागलं तर येतात ५०. एकात क-१, दुसऱ्यात क-२. माझं मत असं, की शीटने यातलं काहीच स्वतःच्या मनाने ठरवू नये, थांबून माणसाला विचारावं. म्हणून O3 मध्ये:

```
=IF(COUNTIF(C3:D3,"गै")>0,"गै",IF(COUNT(C3:D3)=2,C3+D3,""))
```

आणि U3 मध्ये:

```
=IF(COUNT(O3:T3)=6,SUM(O3:T3)/6,"")
```

COUNT फक्त खरे आकडे मोजतं. घर रिकामं राहिलं, किंवा 54 हा आकडा मजकूर म्हणून पडला (असा आकडा घरात डावीकडे चिकटलेला दिसतो), तर मोजणी कमी भरते आणि श्रेणीत "तपासा" येतं.

दुसरी फेरी: हाताने भरलेल्या ओळी

यादृच्छिक गुण बऱ्याच चुका उघड करतात, पण नेमकी सीमा गाठायला नशीब लागतं. म्हणून आता त्याच घरांत हाताने गुण भरायचे, आणि शीटचं उत्तर बघण्याआधी अपेक्षित श्रेणी एका मोकळ्या रकान्यात लिहून ठेवायची. क्रम उलटा केलात तर शीटचं उत्तरच बरोबर वाटायला लागतं.

आठ सीमांसाठी प्रत्येकी तीन ओळी, ३ ते २६. ९० हवे असतील तर सहाही विषयांत ३६ आणि ५४ भरा. ९१ साठी सगळीकडे ३६ आणि ५५. ९०.५ साठी तीन विषय पहिल्यासारखे आणि तीन दुसऱ्यासारखे. बाकीच्या सीमाही अशाच साधतात: ८० ला ३२ आणि ४८, ४० ला १६ आणि २४, ३२ ला १२ आणि २०, आणि पुढच्या ओळीत संकलितला एक गुण वाढवायचा. अपेक्षित श्रेण्या AD रकान्यात लिहिल्या असतील तर न जुळणाऱ्या ओळी अशा मोजता येतात:

```
=SUMPRODUCT(--(V3:V26<>AD3:AD26))
```

उत्तर शून्य आलं पाहिजे.

पुढच्या सहा ओळी, २७ ते ३२, मला सर्वांत जास्त उपयोगी पडल्या आहेत. पहिल्या ओळीत मराठीला ४० आणि ६०, बाकी सगळे शून्य. दुसऱ्या ओळीत हिंदीला पूर्ण गुण आणि बाकी शून्य. असं सहाही विषयांचं करा. प्रत्येक ओळीत शेकडा १६.६७ आला पाहिजे. बेरजेत हिंदी सुटलं असेल आणि मराठी दोनदा आलं असेल, तर सगळ्या विषयांत पूर्ण गुण भरून १०० च येतात आणि चूक झाकली जाते. या ओळींत मात्र मराठीला ३३.३३ आणि हिंदीला शून्य दिसतं. कुठला विषय बिघडला तेही लगेच कळतं.

त्याखाली एक ओळ पूर्ण गुणांची, एक शून्याची, एक "गै" असलेली, एक अर्धी रिकामी आणि एक मजकूर म्हणून भरलेल्या 54 ची (आकड्याआधी वरचा स्वल्पविराम टाकला की तो मजकूर होतो). शेवटच्या तिन्हींत V मध्ये "तपासा" यायला हवं.

गुण पुन्हा पाडा

"चाचणी" पानावर नवे गुण पाडून ते पुन्हा साठही ओळींत आकडे म्हणून चिकटवा. चिकटवण्याआधी O ते V ची नोंद शेजारी आकड्यांच्या रूपात ठेवली असेल, तर दोन्ही वेळचे निकाल जवळजवळ बघता येतात. एखाद्या ओळीत गुण बदलले पण बेरीज तीच राहिली, तर ते घर उघडून बघा. योगायोग नसेल तर तिथे सूत्र नाही, कोणीतरी हाताने आकडा टाइप केलेला आहे. मागच्या वर्षीच्या शीटवरून नवी बनवली की असं एखादं घर हमखास निघतं. वर्षभरापूर्वी कुणाचे तरी गुण दुरुस्त केलेले असतात आणि त्या घाईत सूत्र पुसलं गेलेलं असतं.

मग श्रेणीनिहाय तक्ता तपासा. `=COUNTIF(V3:V62,"अ-१")` चं उत्तर `=COUNTIF(U3:U62,">=90.5")` शी जुळलं पाहिजे. पहिलं सूत्र श्रेणी मोजतं आणि दुसरं शेकडा गुण, म्हणून एकाची चूक दुसऱ्यात उतरत नाही. अ-२ साठी ८०.५ किंवा त्याहून जास्त असलेल्यांतून ९०.५ किंवा त्याहून जास्त असलेले वजा करायचे. सगळ्या श्रेण्यांची बेरीज साठ भरली पाहिजे.

चाळीसपैकी ४५ भरले गेले तर ते या चाचणीत कळणार नाही. ते सूत्राचं काम नाही, भरणाऱ्या हाताचं आहे. त्यासाठी C3 ते N62 ला Data Validation मध्ये हा नियम लावा:

```
=OR(C3="गै",AND(ISNUMBER(C3),C3>=0,C3<=C$2))
```

हा नियम टाइप केलेले चुकीचे गुण अडवतो, बाहेरून चिकटवलेले नाही. म्हणून विषय शिक्षकांना गुण टाइपच करायला सांगा.

शीट रिकामी करताना

"चाचणी" पान काढून टाका. "गुण" पानावर फक्त C3 ते N62 निवडून Delete दाबा, सूत्रांच्या रकान्यांना हात लावू नका. आता V रकाना बघा. साठही ओळींत "तपासा" आलं पाहिजे. एकाही ओळीत श्रेणी दिसत असेल तर त्या ओळीत हाताने लिहिलेलं काहीतरी अजून बसलेलं आहे. यंदा माझ्या शीटमध्ये एकोणसाठ "तपासा" आले आणि ४७ व्या ओळीत ब-२ उरलं. T47 मध्ये सूत्राऐवजी ६८ टाइप केलेलं होतं, आणि O ते S ची पाचही सूत्रं त्या ओळीत शेकडा गुणांसकट जुन्या प्रतीतून आकडे म्हणून चिकटलेली होती. वरच्या ओळीतली सूत्रं खाली ओढली, फाइलचं नाव बदललं आणि नावांच्या रकान्यात हजेरीपट उतरवायला घेतला.